फॉर्म १६ वर शून्य, पोर्टलवर २५,४८०

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेत शिक्षक आहे, एनपीएसवाला. २०२४-२५ चा एकूण पगार ८,२०,०००. फॉर्म १६ वर कर शून्य होता, टीडीएसही कापला नव्हता, म्हणून रिटर्नची घाई केली नाही. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये भरायला बसलो तर पोर्टल २५,४८० रुपये कर दाखवते. माझ्या वजावटी आणि रिबेट गेले कुठे? माझ्या नावावर पाच एकर कपाशीही आहे, खर्च जाता साठेक हजार उरतात. शेती करमुक्त आहे, म्हणून दाखवली नाही. बरोबर ना?

उत्तर :

सर, तुमच्या सगळ्या कागदांचा निकाल एका तारखेने लावला आहे. ती तारीख १६ सप्टेंबर २०२५. यंदा रिटर्न भरायची मुदत दोनदा वाढवून तिथवर दिली होती, तरीही ती चुकली.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती रिटर्नमध्येच निवडावी लागते, आणि धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ही निवड मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच करता येते. हे कलम ११५ बीएसीच्या पोटकलम ६ मध्ये आहे. उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली मिळत नाही. 'शाळेत तर मी जुनी लिहून दिली होती' हे दरवर्षी दिवाळीनंतर मला ऐकावे लागते. ते लिहून देणे फक्त टीडीएस किती कापायचा यासाठी असते. कायद्याने ती निवड ठरत नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाच्या ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे.

आता काय गेले ते तुम्ही पाठवलेल्या फॉर्म १६ वरच बघा. घरभाडे भत्त्यातले ५५,००० करमुक्त होते, म्हणजे ते उत्पन्नात धरलेच नव्हते. मग ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, ८० सी चे दीड लाख, एनपीएसचे जादा ५०,००० आणि मेडिक्लेमचे २०,००० उत्पन्नातून कमी झाले. उरले ४,९२,५००. त्यावर कर बसला १२,१२५ रुपये, आणि उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याने कलम ८७ ए च्या रिबेटने तो पुसला. म्हणजे भत्ता वरच्या वर गाळला गेला, वजावटींनी उत्पन्न खाली आणले, आणि रिबेट अगदी शेवटी, निघालेल्या करावर लागला. पहिल्या दोन गोष्टी ढासळल्या की रिबेटपर्यंत तुम्ही पोचतच नाही.

नव्या प्रणालीत त्यातली फक्त प्रमाणित वजावट उरते, ती ७५,००० ची. उत्पन्न ७,४५,०००, कर २४,५०० आणि चार टक्के सेस धरून २५,४८०. तुम्ही दाखवलेल्या उत्पन्नापुरते पोर्टल बरोबर आहे. रिबेट इथेही आहे, पण २०२४-२५ साठी त्याची हद्द सात लाखांची. 'बारा लाखांपर्यंत कर नाही' असे पारावर जे ऐकता ते २०२५-२६ च्या उत्पन्नाचे आहे. या रिटर्नला त्याचा उपयोग नाही.

तुम्ही हद्दीच्या ४५,००० वर आहात. इथे एक वाट असू शकते, आणि ती तुमच्या फॉर्म १६ मध्ये कोणी पाहिलेली दिसत नाही. एनपीएसमध्ये तुमच्याबरोबर शासनाचाही हिस्सा जमा होतो. त्याची वजावट कलम ८० सीसीडी(२) खाली नव्या प्रणालीतही मिळते, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत. तुमच्या फॉर्ममध्ये ती ओळ कोरी आहे. प्रश्न एवढाच, की ८,२०,००० मध्ये शासनाचा हिस्सा मिळवलेला आहे की नाही. शालार्थचे बारा महिन्यांचे वेतनपत्रक आणि एनपीएस खात्याचा वर्षाचा उतारा शेजारी ठेवून बेरीज करा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून साडेपाच लाख आहे, आणि शासनाचे ७७,००० एकूण पगारात धरूनही वजा करायचे राहिले. मग उत्पन्न ६,६८,००० वर येते. त्यावरचा कर १८,४०० आणि रिबेट २५,००० पर्यंत, म्हणजे कर शून्य. पण तो हिस्सा एकूण पगारात धरलेलाच नसेल, तर नुसता वजा करू नका. आधी मिळवावा लागेल, मग वजा, आणि हाती काहीच येणार नाही. आकडे माझ्यासमोर नाहीत, तेव्हा यापैकी काय घडले ते मी छातीठोक सांगत नाही. हिस्सा पगारात धरलेला निघाला तर मुख्याध्यापकांकडून दुरुस्त फॉर्म १६ मागा, पण त्याची वाट बघत मुदत घालवू नका.

शेतीचे बरोबर नाही. करमुक्त असणे आणि न दाखवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर असले आणि बाकीचे उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असले, की शेतीवर कर बसत नाही, पण पगारावरच्या कराचा दर ठरवायला ती मिळवली जाते. आधी ७,४५,००० अधिक ६०,००० यांवर कर काढायचा, ३०,५००. मग करमुक्त मर्यादेचे तीन लाख अधिक ६०,००० यांवर, ३,०००. वजाबाकी २७,५००, म्हणजे सेस धरून २८,६००. पोर्टलवर दिसणारा २५,४८० चा आकडाही तुमचा खरा कर नाही.

आणि ऐका, मुदतीत भरले असते तरी तुमचे शून्य खरे नव्हते. जुन्या प्रणालीत ४,९२,५०० मध्ये ६०,००० मिळवले की ५२,५०० रुपये वीस टक्क्यांच्या टप्प्यात जातात. हाच हिशेब तिथे २०,००० वर येतो, आणि रिबेटची कमाल मर्यादा १२,५००. सेससह ७,८०० भरावेच लागले असते. शाळेच्या लिपिकाला तुमच्या कपाशीचा पत्ता नव्हता, म्हणून फॉर्म १६ वर शून्य उमटले. मात्र रिबेटची हद्द मोजताना शेती धरत नाहीत. त्यामुळे शासनाच्या हिश्श्याची वजावट खरोखर लागू झाली आणि उत्पन्न ६,६८,००० वर आले, तर शेती दाखवूनही कर शून्यच राहील.

विलंब माफीचा अर्ज कलम ११९ खाली करता येतो. पण तो मुख्यतः अडकलेला परतावा आणि पुढे न्यायचा तोटा यांसाठी चालतो. हुकलेल्या करप्रणालीसाठी त्यावर मी भिस्त ठेवणार नाही. नागपूर खंडपीठात रिट करायची म्हणाल, तर पंचवीस-तीस हजारांसाठी वकिलाची फी त्याहून जास्त आणि पहिली तारीख कधी लागेल ते सांगता येत नाही. शिवाय 'टीडीएस नव्हता म्हणून थांबलो' हे कारण कोणत्याही न्यायाधीशाला पटेल असे मला वाटत नाही.

तेव्हा ३१ डिसेंबर २०२५ च्या आत उशिराचे रिटर्न भरा. आयटीआर-१ नको. शेती ५,००० च्या वर असल्याने आयटीआर-२ लागेल. उत्पन्न पाच लाखांच्या वर असल्याने विलंब शुल्क ५,००० आहे, आणि कर निघालाच तर महिन्याला एक टक्क्याच्या दराने व्याजही, दोन-तीन कलमांखाली वेगवेगळे. कर आणि व्याज आधी भरा, चलनाचा तपशील रिटर्नमध्ये घाला आणि मगच ते दाखल करा. कपाशीच्या विक्रीच्या पट्ट्या, बियाणे-खताची बिले आणि सातबारा जपून ठेवा, ६०,००० चा आकडा पुढे कोणी विचारला तर तोच पुरावा आहे. आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय त्याच दिवशी करा. ३० दिवस उलटले, तर व्हेरिफाय केलेली तारीखच भरल्याची तारीख धरली जाईल, आणि ती ३१ डिसेंबरनंतरची असू शकते.