क्लिक न करता लॉगिनची सूचना तपासायची कशी?

प्रश्न: ‘तुमच्या गूगल खात्यात नवीन डिव्हाइसवरून साइन-इन झालं’ असा मेल आलाय. पत्ता गूगलचाच दिसतोय, पण खालचं बटण दाबायची भीती वाटते. न दाबता खरं-खोटं कळेल का?

उत्तर: कळेल, आणि त्यासाठी मेल पुन्हा उघडायचीही गरज नाही. खात्यात कोणी शिरलं असेल तर त्याची नोंद खात्यातच असते. ती तुमच्या नेहमीच्या वाटेने जाऊन बघा.

अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये Google वर जा, तिथून तुमचं खातं उघडा आणि Security नाव असलेल्या भागात या. कॉम्प्युटरवर असाल तर ब्राउझरमध्ये myaccount.google.com हा पत्ता स्वतः टाइप करा. गूगलवर शोधून आलेल्या पहिल्या लिंकवर जाऊ नका, कारण तिथे कधीकधी जाहिराती असतात. एकापेक्षा जास्त खाती असतील तर वर कोपऱ्यातल्या फोटोवर दाबून, मेल ज्या खात्यावर आलाय तेच उघडलंय ना, याची आधी खात्री करा.

तिथे दोन गोष्टी बघायच्या. Recent security activity मध्ये नवीन साइन-इन, पासवर्ड बदलणं अशा घटना वेळेसह दिसतात. Your devices मध्ये खातं सध्या कुठे उघडं आहे आणि गेल्या 28 दिवसांत कुठे उघडलं होतं, ते दिसतं.

माझ्या वहिनींना असाच मेल आला होता. ‘विंडोज, क्रोम, मॉस्को’ असं त्यात लिहिलेलं होतं. त्यांच्या यादीत फक्त त्यांचा फोन होता आणि त्या वेळेची एकही नोंद नव्हती, म्हणजे मेल बनावट. पुढे काही महिन्यांनी पुन्हा मेल आला. या वेळी यादीत खरंच एक अनोळखी टॅबलेट होता. वेळ जुळवून पाहिली तर शाळेच्या कामासाठी त्यांच्या मुलानेच तो जोडला होता. यादी वाचताना गावाच्या नावावर फार भिस्त ठेवू नका. मोबाइल डेटावर ठिकाण अंदाजे दिसतं, सांगलीत बसलेल्या माणसापुढे मुंबई किंवा पुणे येऊ शकतं. डिव्हाइस कोणतं आणि वेळ कोणती, हे जास्त विश्वासाचं. तेही ओळखीचं नसेल तर त्या डिव्हाइसवर दाबून Sign out करा आणि लगेच पासवर्ड बदला.

आता तुम्ही म्हणताय तो पत्ता. no-reply@accounts.google.com हा गूगलचा खरा पत्ता आहे, तरी तेवढ्यावर विसंबू नका. एप्रिल 2025 मध्ये याच पत्त्याचे फसवे मेल लोकांना आले आणि गूगलची डिजिटल सही तपासणीत खरी ठरली. भामट्यांनी एक अ‍ॅप नोंदवलं आणि अ‍ॅपच्या नावाच्या जागी फसवणुकीचा अख्खा मजकूर भरला. त्या अ‍ॅपला स्वतःच्याच खात्यात प्रवेश दिल्यावर गूगलने त्यांना नेहमीची सुरक्षा-सूचना पाठवली. ती त्यांनी जशीच्या तशी इतरांकडे वळवली. मजकुराला हात न लागल्यामुळे सही शाबूत राहिली. आतली लिंक मात्र sites.google.com वर बनवलेल्या नकली पानाची होती, आणि तिथे कोणालाही पान बनवता येतं. अशा वेळी पत्ता निरखून काही हाती लागत नाही. म्हणूनच मी थेट खात्यात जायला सांगतोय.

एका ठिकाणी ही पद्धत गोंधळात टाकते. वडिलांचं किंवा बायकोचं खातं उघडताना रिकव्हरीसाठी तुमचा मेल दिला असेल, तर त्यांच्या खात्यातल्या सूचनेची प्रत तुम्हाला येते. अशा मेलमध्ये दुसऱ्याच खात्याचा पत्ता लिहिलेला असतो. तुमच्या यादीत काहीच सापडणार नाही, पण सूचना खरी असू शकते. त्या माणसाला फोन करा आणि त्याच्याच फोनवर वरचीच तपासणी करायला सांगा.

आधीच बटण दाबलं असेल, पण काही टाइप केलं नसेल आणि काही डाउनलोडही केलं नसेल, तर बहुधा नुकसान झालेलं नसतं. पासवर्ड किंवा ओटीपी भरला असेल तर मिनिटंही महत्त्वाची आहेत, कारण नकली पानामागचा माणूस ते तुमच्यामागोमाग खऱ्या पानावर भरत असतो. पासवर्ड बदला, अनोळखी डिव्हाइस बाहेर काढा आणि रिकव्हरीचा फोन-मेल तुमचाच आहे का ते बघा. मग कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये Forwarding and POP/IMAP आणि Filters ही दोन्ही पानं उघडा. पासवर्ड बदलला तरी तिथे लावून ठेवलेलं फॉरवर्डिंग चालूच राहतं आणि तुमचे मेल गुपचूप दुसरीकडे जात राहतात. बँकेतून पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि 1930 वर फोन करा.

मेल खोटा ठरला की कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये त्या मेलच्या तीन टिंबांवर दाबून Report phishing निवडा.