वनहक्काचे इंग्रजी नियम आणि नमुने साध्या मराठीत कसे आणावेत?

प्रश्न: आमच्या भागात वैयक्तिक वनहक्काचे दावे भरायचे आहेत. केंद्राचे नियम आणि खुलासे इंग्रजीत आहेत. मराठीत जे मिळतं तेही गावात कोणाला कळत नाही. साध्या मराठीत आणायचं, पण कायद्याचा अर्थ चुकू द्यायचा नाही, हे कसं जमवायचं?

उत्तर:

आधी एक गोष्ट ठरवून टाका. वैयक्तिक दाव्याचा ठरलेला नमुना अ आहे, त्याला हात लावायचा नाही. दावा त्याच नमुन्यावर जाणार, त्याचे रकाने आणि क्रमांक तसेच राहणार. तुम्ही तयार करायचं ते शेजारी ठेवून वाचायचं मदतपत्रक, आणि त्यात क्रमांक मूळ नमुन्याचेच ठेवायचे. रकाना सोपा करण्याच्या नादात दोन रकाने एकत्र केले, की उपविभागस्तरीय समितीच्या टेबलावर "अर्ज विहित नमुन्यात नाही" असा शेरा बसू शकतो. कोरा नमुना फुकट आणि सहज मिळेल हे पाहणं नियमांनी याच समितीवर सोपवलं आहे, तेव्हा "कोरा नमुना फुकट मिळतो" ही ओळ मदतपत्रकात सगळ्यात वर घाला.

दुसरं, भाषांतराला बसण्यापूर्वी नियम आजच्या रूपात हाती आहेत ना ते पाहा. कायदा 2006चा, नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू, आणि 2012 मध्ये त्यांत मोठी दुरुस्ती झाली. अजूनही बरीच मराठी पत्रकं 2008च्या मजकुरावर बेतलेली फिरतात. याचा फटका कुठे बसतो ते अपिलाच्या मुदतीत दिसतं. नियम 14 म्हणतो की ग्रामसभेच्या ठरावाने नाराज झालेल्या माणसाने ठरावाच्या तारखेपासून साठ दिवसांत उपविभागस्तरीय समितीकडे जावं. दुरुस्तीने आलेला नियम 12अ म्हणतो की दावा फेटाळला किंवा कमी केला तर ते दावेदाराला प्रत्यक्ष कळवायचं, आणि कळवल्याच्या तारखेपासून साठ दिवस मोजायचे. समितीला वाटलं तर ती आणखी तीस दिवस वाढवून देऊ शकते. फक्त नियम 14 उतरवलात, तर ज्याला तीन महिन्यांनी कळलं तो माणूस "मुदत संपली" समजून घरी बसेल. वाक्य बिनचूक उतरवलेलं असूनही मदतपत्रक चुकीचं ठरतं ते असं.

हाच भाग नमुन्यादाखल घेऊ. सरकारी मराठीत तो साधारण असा येतो: "ग्रामसभेच्या निर्णयामुळे व्यथित झालेल्या व्यक्तीस, सदर निर्णय संसूचित करण्यात आल्याच्या दिनांकापासून साठ दिवसांच्या कालावधीत उपविभागस्तरीय समितीकडे विनंतीअर्ज दाखल करता येईल." यात चूक एकही नाही. पण वाचणाऱ्याला चार गोष्टी शोधाव्या लागतात: कोणी, काय, कुठे, कधीपर्यंत. त्या चार वेगळ्या काढून प्रत्येकीला एक वाक्य द्या:

"ग्रामसभेने तुमचा दावा नाकारला, किंवा मागितल्यापेक्षा कमी जमीन धरली, तर ते तुम्हाला स्वतःला कळवलं पाहिजे.
तुम्हाला पटलं नाही, तर उपविभागस्तरीय समितीकडे (प्रांत ऑफिस) लेखी अर्ज करा.
कळवल्यापासून 60 दिवसांच्या आत करा.
कळवल्याची तारीख: ____ अर्जाची शेवटची तारीख: ____
सुनावणीची तारीख समिती किमान 15 दिवस आधी लेखी कळवते, आणि गावातही नोटीस लावते.
आधी इथे अर्ज केल्याशिवाय थेट जिल्हास्तरीय समितीकडे जाता येत नाही."

दोन रिकाम्या जागा मुद्दाम ठेवल्या आहेत. "साठ दिवसांच्या आत" हे बहुतेकांना कळतं, अडतं ते मोजण्यात. 10 जूनला कळवलं असेल तर 9 ऑगस्ट ही शेवटची तारीख. ती गावातल्या वनहक्क समितीच्या सचिवाने तिथल्या तिथे हाताने लिहून द्यावी. समितीचं कायद्यातलं नाव तसंच ठेवलं आणि लोकांच्या तोंडातलं "प्रांत ऑफिस" जवळ दिलं, हेही मुद्दाम. अर्जावर कायद्यातलं नाव लिहावं लागतं, पण जाण्यासाठी दार माहीत असावं लागतं.

आता पुराव्यांचा भाग. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. नियम 13 मध्ये पुराव्यांची लांब यादी आहे आणि त्यात "जसे की" म्हणून उदाहरणं दिली आहेत: मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, पासपोर्ट, घरपट्टीची पावती, रहिवासी दाखला. मराठीत ही स्वल्पविराम टाकून एका ओळीत छापली, की वाचणारा समजतो सगळी कागदपत्रं लागतात. पासपोर्ट कुठला आणायचा? मग दावाच भरला जात नाही. मूळ नियमात दाव्यासोबत यांपैकी किमान दोन पुरावे मागितले आहेत. म्हणून यादीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत "खालीलपैकी कोणतेही दोन. सगळे लागत नाहीत." असं लिहा, आणि एका ओळीत एकच प्रकार ठेवा. कागद नसलेले पुरावे वर घ्या, कारण ते चालतात हे कोणाला ठाऊक नसतं: शेतात घातलेले बांध, सपाट केलेली जमीन, घर किंवा झोपडी, जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा, वंशावळ, आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब. एका विशिष्ट कागदाचाच आग्रह समितीला धरता येत नाही आणि उपग्रहाचा फोटो बाकीच्या पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, ही दोन वाक्यंही यादीखाली आली पाहिजेत.

इथे एक पथ्य पाळा. मतदार ओळखपत्र आणि रेशनकार्ड नियमात एकाच कलमाखाली येतात, त्यामुळे दोन पुरावे दोन वेगवेगळ्या प्रकारांतले घेतलेले बरे. पण हा सल्ला झाला, नियम नव्हे. मदतपत्रकात तो "सल्ला:" असं लिहून, चौकटीत, वेगळा द्या. नाहीतर तुमचाच सल्ला पुढे कोणीतरी नियम म्हणून लोकांच्या तोंडावर मारतो.

शब्दांपैकी तीन ठिकाणी जास्त सावध राहा. पहिलं "वनात राहणारे". कायद्याची अट मुख्यतः वनात राहण्याची आणि उपजीविकेसाठी वनावर किंवा वनजमिनीवर अवलंबून असण्याची आहे. नुसतं "जंगलात राहणारे" लिहिलंत, तर ज्याचं घर गावठाणात आणि शेत वनजमिनीत आहे तो स्वतःच स्वतःला वगळतो. प्रत्यक्षात आदिवासी कार्य मंत्रालयाने 2008 मध्येच खुलासा केला आहे की घर वनाच्या आत नसलं तरी उपजीविकेसाठी वनजमिनीवर अवलंबून असलेले लोक यात येतात. खुलासा मदतपत्रकात त्याच वाक्याला जोडून द्या, तळटिपेत नको.

दुसरं, इतर पारंपरिक वननिवासींसाठीची तीन पिढ्यांची अट. पिढी म्हणजे 25 वर्षं, म्हणून 13 डिसेंबर 2005 च्या मागे 75 वर्षं. ही अट राहण्याची आणि वनावर अवलंबून असण्याची आहे. त्याच तुकड्यावर 75 वर्षं नांगर फिरला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. जमीन 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असला पाहिजे, ही दुसरी, वेगळी अट. मराठीत दोन्ही एका वाक्यात आल्या की एकमेकींत मिसळतात. दोन वाक्यं करा आणि मध्ये एक ओळ कोरी सोडा. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला 75 वर्षांची अट नाही, हे तिसरं वाक्य.

तिसरं, "भोगवट्याखालील क्षेत्र". रकान्यात हा शब्द असेल तर राहू द्या, पण शेजारी विचारा: "तुम्ही स्वतः कसता ती वनजमीन किती?" इथे "अतिक्रमण" किंवा "कब्जा" वापरू नका. त्या शब्दांना गुन्ह्याचा वास आहे आणि माणूस घाबरून क्षेत्र कमी सांगतो. लोक सांगणार एकर-गुंठ्यांत, कागदावर लागणार हेक्टर-आर. म्हणून छोटं रूपांतर द्या: 1 एकर म्हणजे 40 गुंठे, 1 हेक्टर म्हणजे 100 आर, सुमारे 2 एकर 19 गुंठे. उदाहरण सोडवूनच दाखवा: 3 एकर 20 गुंठे म्हणजे 140 गुंठे, म्हणजे सुमारे 1 हेक्टर 42 आर. कायद्यातली 4 हेक्टरची (सुमारे 9 एकर 35 गुंठे) मर्यादा लिहिताना "4 हेक्टरपर्यंत जमीन मिळेल" असं कधीही लिहू नका. "जेवढी प्रत्यक्ष कसता तेवढीच, आणि ती 4 हेक्टरपेक्षा जास्त नाही" असं लिहा. पहिल्या वाक्याने सगळे 4 हेक्टर मागतात आणि मोजणीला ते उघडं पडतं.

हक्काचं स्वरूप सांगताना "अहस्तांतरणीय परंतु वारसाहक्काने संक्रमणीय" याऐवजी "ही जमीन विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. तुमच्यामागे वारसांना मिळते. नवरा-बायको असतील तर दोघांच्या नावे होते." एवढं पुरे. "जमीन तुमच्या मालकीची झाली" मात्र नको. तेवढं सोपं केलं की अर्थच बदलतो.

मसुदा झाला की तपासणी दोन प्रकारची. इंग्रजी चांगलं येणारा, पण भाषांतरात नसलेला माणूस बसवा. त्याने फक्त आकडे, तारखा, "किमान/जास्तीत जास्त", "आणि/किंवा" आणि "केलंच पाहिजे/करता येईल" एवढंच मूळाशी ताडायचं. चुका बहुधा याच जागी निघतात, शैलीत नाही. मग गावातल्या चार-पाच जणांना पत्रक द्या, त्यात एखादी बाई आणि एखादा वाचता न येणारा असू द्या, त्याला वाचून दाखवा. "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "तुमच्याकडे कोणते दोन पुरावे आहेत?", "दावा कोणाकडे द्यायचा आणि तिथून काय मागून घ्यायचं?" असं विचारा. दुसऱ्याचं उत्तर "वनहक्क समितीकडे, आणि लेखी पोच" असं आलं नाही, तर ते वाक्य पुन्हा लिहा. नंदुरबार किंवा गडचिरोलीत घरची भाषा भिली, पावरी, गोंडी किंवा माडिया असते आणि मराठी दुसरी. तिथे चाचणी घेणारा ती भाषा बोलणारा हवा.

छपाईला युनिकोड फॉन्ट, 14 पॉइंट, कागदाच्या दोन बाजू, त्याहून जास्त नाही. खाली पत्रकाची तारीख, कोणत्या वर्षापर्यंतच्या दुरुस्त्या धरल्या ते, आणि "हे समजण्यासाठी आहे, दावा नमुना अ वरच करा" ही ओळ. सामूहिक हक्काचे नमुने ब आणि क यात घुसडू नका, त्यांचं पत्रक वेगळं.