बुजगावण्याशी कुस्ती

“गाईड म्हणतात, विरोधी बाजू कच्ची मांडली आहेस. पण ती बाजू मीच चांगली मांडली, तर परीक्षक म्हणणार नाहीत का, की मग तुझ्या प्रबंधाची गरजच काय?”

असं म्हणणारी विद्यार्थिनी शिक्षणशास्त्रात पीएचडी करत होती. वर्गात लॅपटॉपपेक्षा हाताने काढलेल्या नोट्स बऱ्या, हा तिचा दावा. तिच्या दुसऱ्या प्रकरणातलं एक वाक्य आम्ही समोर ठेवलं: ‘लॅपटॉपच्या समर्थकांना वाटतं की तंत्रज्ञान आलं की शिकणं आपोआप सुधारतं.’

मी विचारलं, “हे कोण म्हणतं? नाव, वर्ष आणि पान समासात लिही.”

पंधरा-वीस मिनिटं ती तिचे संदर्भ चाळत बसली. शेवटी एका कंपनीच्या जाहिरातवजा लेखात तसं काहीसं सापडलं. अभ्यासकांपैकी एकानेही ते म्हटलेलं नव्हतं. म्हणजे कुणाचंच नसलेलं मत उभं करून ती ते पाडत होती. यालाच स्ट्रॉ मॅन म्हणतात. आपल्याकडे बुजगावणं म्हणावं. जाहिरातवाला खरा असला तरी त्याला पुढे करणं हीही त्याच जातीची चलाखी, कारण समोरच्या गटातला सर्वांत दुबळा माणूस निवडून त्यालाच प्रतिनिधी ठरवलं जातं. ओळखायची खूण म्हणजे ‘आपोआप’, ‘केवळ’, ‘सगळेच’ असे शब्द. समासात पान लिहिता येत नाही, तिथे हे शब्द हटकून सापडतात.

मग उलटं काम सुरू केलं, म्हणजे स्टीलमॅन. समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की तो स्वतः म्हणेल, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं.’ आपल्या शास्त्रार्थातला पूर्वपक्ष जवळपास हेच काम करतो. (हा शब्द वापरल्यावर तिला गोष्ट पटकन कळली, इंग्रजी शब्दांनी नव्हती कळली.)

तिचा सगळा भर म्युलर आणि ओपनहायमर यांच्या 2014 च्या प्रयोगांवर होता. लॅपटॉपवाले व्याख्यान शब्दशः उतरवतात आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडतात, असं त्यांत दिसलं होतं. पण त्यातल्या पहिल्या प्रयोगाची हुबेहूब पुनरावृत्ती अरी आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द आणि जास्त शब्दशः लिहिलं, हे तिथेही दिसलं. मात्र हाताने लिहिणाऱ्यांचे गुण सरस ठरले नाहीत. हा अभ्यास तिने वाचलेला होता, पण तळटीपेत एका ओळीत उरकला होता.

तिने परिच्छेद नव्याने लिहिला: ‘लॅपटॉपवर नोट्स अधिक भरगच्च होतात, शोधायला सोप्या जातात, आणि ज्यांना हाताने वेगाने लिहिता येत नाही त्यांना त्याच आधार देतात. शब्दशः लिहिण्याने समज घटते हा निष्कर्ष थेट पुनरावृत्तीत टिकलेला नाही. त्यामुळे सरसकट बंदीला पुरेसा आधार नाही.’

लिहून झाल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, “मॅडम, हे तर बरोबरच आहे.”

इथे विद्यार्थी घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं मला समजतं. पण खरं काम इथूनच सुरू झालं. व्याख्यान संपल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत तिच्याही दोन गटांत जवळजवळ फरक नव्हता. तो तक्ता तिने परिशिष्टात सारला होता. फरक दिसला होता तो दोन आठवड्यांनी, स्वतःच्या नोट्स वाचून दिलेल्या चाचणीत. जुन्या दाव्याला पहिला तक्ता अडचणीचा होता, म्हणून तो मागे गेला. नव्या पूर्वपक्षाने तो मुख्य प्रकरणात आणला. दावा आता असा झाला: फायदा लिहिताना लगेच दिसत नाही, नोट्सची उजळणी झाल्यावर दिसतो, म्हणून बंदीऐवजी उजळणीची रचना बदलावी. दावा आकुंचला खरा, पण 2021 चा अभ्यास त्याच्या आड येत नव्हता, कारण त्या प्रयोगातली चाचणी उजळणीनंतरची नव्हती. जो अभ्यास लपवावासा वाटत होता, तोच तिच्या प्रश्नाची जागा दाखवू लागला.

दोन ठिकाणी तिला थांबवावं लागलं. एकदा तिने विरोधकांच्या वतीने असा युक्तिवाद रचला, जो कुणी केलेलाच नव्हता. असा युक्तिवाद जरूर द्यावा, पण ‘ही बाजू अशीही मांडता येईल’ असं लिहून. दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. दुसऱ्यांदा, पूर्वपक्ष तगडा मांडून उत्तर मात्र ‘नोट्स शोधायला सोप्या’ या किरकोळ मुद्द्याला दिलं, आणि पुनरावृत्तीचा मुद्दा तसाच राहिला. परीक्षकाचं बोट नेमकं तिथेच पडतं.

पुढच्या भेटीत तिने पाचवं प्रकरण आणलं. त्यात एका ठिकाणी ‘केवळ’ लिहिलेलं होतं, आणि मी बोलायच्या आत तिने त्यावर पेन्सिलीने काट मारली.