रुग्णाच्या संमतीपत्रात ‘यादृच्छिक’ लिहायचं की ‘चिठ्ठी टाकून’?

प्रश्न: एका औषध-संशोधनाचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत करतोय. रुग्ण बहुतेक खेड्यातले आहेत. मी सोपं लिहिलं, तर एजन्सीच्या तपासनिसानं ‘बोलीभाषा, प्रमाण शब्द वापरा’ असा शेरा मारून फाईल परत पाठवली. कोणाचं ऐकू?

उत्तर: रुग्णाचं. पण तेवढ्यानं तुमची फाईल पास होणार नाही. हाच शेरा मला एका एजन्सीकडून वर्षानुवर्षं मिळत आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही, नियमांचं शेवटचं स्पष्टीकरण त्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीकडून घ्या.

तपासनीस असा का वागतो ते आधी बघा. तुमचा मराठी मजकूर दुसरा अनुवादक मूळ इंग्रजी न बघता परत इंग्रजीत आणतो आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडून पाहतात. ‘यादृच्छिक’ लिहिलं की परत नेमका ‘रँडम’ येतो आणि तपासनीस खूश होतो. ‘चिठ्ठी टाकून ठरवतात तसं’ लिहिलं की परत भलतंच वाक्य येतं आणि लाल खूण पडते. म्हणजे संस्कृत शब्द इथे पास होतो तो इंग्रजीला एकास एक जुळतो म्हणून. रुग्णाला तो कळला का, हे या तपासणीत कुठेच मोजलं जात नाही.

माझ्या वाट्याला आलेल्या एजन्सीनं पत्रकातलं वाक्य असं करून छापायला दिलं होतं: ‘सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभाजन करण्यात येईल व त्यांना अनुक्रमे अभ्यास-औषध अथवा छद्म-औषध देण्यात येईल.’ मी लेखी हरकत घेतली, तिला उत्तर आलं नाही. पुढे रुग्णालयाच्या समितीतल्या सामान्य नागरिक सदस्यानं, म्हणजे जो डॉक्टर नसतो त्यानं, ते वाचून ‘हे मलाच समजलं नाही’ म्हणून परत पाठवलं. मग सगळं काम घाईत पुन्हा माझ्याकडेच आलं, आणि बिल मात्र ‘दुरुस्ती प्रलंबित’ म्हणून अडकलं. या व्यवहाराचा मला अजून राग आहे, कारण त्या पत्रकावर अंगठा उठवणाऱ्या माणसाचा विचार त्या साखळीत कुणीही केला नव्हता.

तेच वाक्य मी असं लिहितो:

‘या संशोधनात भाग घेणाऱ्यांचे दोन गट केले जातील. तुम्ही कोणत्या गटात जाल हे कॉम्प्युटर ठरवेल, आपण चिठ्ठ्या टाकून ठरवतो तसं. तुम्हाला किंवा डॉक्टरांना गट निवडता येणार नाही. एका गटाला नवीन औषध मिळेल. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी गोळी मिळेल, पण तिच्यात औषध नसेल. अशा गोळीला प्लासिबो म्हणतात. तुम्हाला कोणती गोळी मिळते आहे हे तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांना माहीत नसेल.’ (शेवटचं वाक्य मूळ आराखड्यात दोघांपासूनही लपवायचं असेल तरच.)

लांबी वाढली, वाढू द्या. ‘छद्म’ला कपटाचा वास आहे आणि ‘खोटं औषध’ म्हटलं की रुग्णाला आपली फसवणूक होतेय असं वाटतं. म्हणून मी आधी गोष्ट सांगतो आणि नाव नंतर, एकदाच देतो. दुसरं म्हणजे ‘करण्यात येईल’ची माळ तोडा. कोण काय करणार हे सांगणारी छोटी वाक्यं केली तर मधे एखादा जड शब्द राहिला तरी चालून जातो. उलट ‘करण्यात येईल’ तसंच ठेवून नुसते शब्द सोपे केले तर फारसा फरक पडत नाही.

आता उलट बाजू. बोलीतला शब्द नेहमीच बरोबर असतो असं नाही. ‘मूत्रपिंड’ऐवजी किडनी, ‘यकृत’ऐवजी लिव्हर, ‘अतिसार’ऐवजी जुलाब, ‘निराहार’ऐवजी उपाशीपोटी, यांत मला कधी शंका आली नाही. पण ‘शुगर’ म्हणजे मधुमेह की रक्तातली साखर, हे वाक्यावरून कळत नसेल तर तिथे ‘मधुमेह’ लिहा, तो शब्द गावोगावी माहीत आहे. ‘अटॅक’ नुसता लिहू नका, काहीजण लकव्यालाही अटॅक म्हणतात. झटक्यांना कुठे फिट म्हणतात, कुठे आकडी, कुठे फेफरं, विदर्भात मिरगी. पत्रक चार जिल्ह्यांत जाणार असेल तर मी लक्षणच लिहितो: ‘अचानक हातपाय ताठ होणं, झटके येणं, शुद्ध हरपणं’. पुण्यात बसून जो शब्द आपल्याला सोपा वाटतो तो गडचिरोलीत सोपा असेलच असं नाही. आणि शरीरसंबंध, मासिक पाळी, गर्भनिरोधक अशा ठिकाणी जरा औपचारिक शब्दच बरा, कारण समुपदेशक ते नातेवाइकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवतात.

सगळ्यात फसवा शब्द माझ्या मते ‘चाचणी’. ‘औषधाची चाचणी’ वाचून बरेच रुग्ण रक्त-लघवीची तपासणी समजतात, आणि ‘नैदानिक चाचणी’ तर निदानासाठी केलेली टेस्टच वाटते. म्हणजे इथे संस्कृत शब्द अवघडही आहे आणि दिशाभूलही करतो. मी पूर्ण पत्रकात ‘संशोधन’ ठेवतो, रक्ताची ती ‘तपासणी’, आणि ही जोडी कुठेही बदलत नाही.

आता तपासनिसाला काय सांगायचं. 2019च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात, सहभागी व्यक्तीला समजेल अशा बिगर-तांत्रिक भाषेत माहिती द्यावी असं म्हटलं आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या बाबतीत निःपक्ष साक्षीदार संपूर्ण प्रक्रियेला हजर लागतो, म्हणजे ही पत्रकं वाचण्यापेक्षा ऐकली जास्त जातात. हे दोन मुद्दे ईमेलमध्ये लिहा. सोबत दोन रकान्यांचा तक्ता जोडा: मूळ संज्ञा, आणि तिच्यासाठी केलेलं वर्णन व त्याचं कारण. परत-अनुवाद करणाऱ्याला हा तक्ता आधी देऊ नका, नाहीतर तपासणीला अर्थ उरणार नाही. तो तपासनिसाला द्या, म्हणजे त्याला फरक पडताळता येतो. माझ्या बहुतेक लाल खुणा या तक्त्यानं मिटल्या.

आणि फाईल देण्याआधी पत्रक एखाद्या अशा व्यक्तीला मोठ्यानं वाचून दाखवा जिचा दवाखान्याशी संबंध नाही. ‘समजलं का?’ विचारू नका, ‘हो’च येतं. ‘तुम्ही कोणत्या गटात जाल हे कोण ठरवणार?’ असं विचारा. ‘डॉक्टर’ असं उत्तर आलं तर ते वाक्य पुन्हा लिहायचं.

हे सगळं रुग्णाच्या हातात जाणाऱ्या कागदासाठी. त्याच संशोधनाचा कागद सरकारी कार्यालयाला मराठीत द्यायचा असेल, तर तिथे भाषा संचालनालयाच्या कोशांतले शब्दच वापरा. तिथला कारकून रोज तेच वाचतो आणि ‘चिठ्ठी टाकून’ पाहून त्याला शंका येईल. दोन्ही मजकुरांना एकच संज्ञासूची लावा असा आग्रह एजन्सी धरेल, तो मानू नका. दर ठरवतानाच ‘रुग्णासाठी’ आणि ‘कार्यालयासाठी’ अशी दोन वेगळी कामं लिहून घ्या, आणि वाचून दाखवण्याच्या फेरीचे पैसे पहिल्यातच धरा.