नमस्कार एकच, आणि त्याच दमात पहिलं नाव

प्रश्न: "कुडाळला आमची आठ जणांची सॉफ्टवेअर टीम आहे. पाच जण ऑफिसात. मालवण, वेंगुर्ला आणि देवगडहून एकेक जण घरून. रोज पावणेदहाला स्टँड-अप. नमस्कार-चमत्कार आणि 'आवाज येतोय का' यातच पाच-सहा मिनिटं जातात. थेट कामाला हात घातला तर तुसडेपणा वाटतो. सुरुवात कशी करावी?"

उत्तर: आधी तीन दिवस दोन वेळा टिपून ठेवा: पहिला 'नमस्कार' कधी झाला आणि कामाचं पहिलं वाक्य कधी आलं. नमस्काराला दोष देण्याआधी हे करा. नमस्कार सगळे मिळून मिनिटभराचेही नसतात. बाकीचा वेळ कोणाची तरी वाट बघण्यात जातो, आणि नुसतं गप्प बसून वाट बघवत नाही म्हणून गप्पा सुरू होतात. पावणेदहाला सहा जण हजर असतील आणि काम नऊ एकावन्नला सुरू होत असेल, तर सहा जणांची सहा-सहा मिनिटं गेली. मीटिंग मुळात जास्तीत जास्त 15 मिनिटांची.

बहुतेक टीममध्ये हे असं होतं. दोघं आले, नमस्कार झाला. तिसरा आला, तिघांचा पुन्हा नमस्कार. चौथा आला, "काय रे, पाऊस काय म्हणतो तिकडे?" म्हणजे प्रत्येक येणाऱ्यागणिक सुरुवात नव्याने होते. यावर उपाय म्हणजे पावणेदहाच्या आधीचे नमस्कार मोकळे सोडायचे, त्यांना काही नियम लावायचा नाही. ठीक पावणेदहाला चालवणाऱ्याने एकदाच, सगळ्यांसाठी मिळून नमस्कार करायचा. त्यानंतर कोणीही कोणालाही नमस्कार करत नाही.

शब्द साधारण असे:

"नमस्कार मंडळी, पावणेदहा झाले. बोर्ड उजवीकडून घेऊ. सायली, बिलाच्या पीडीएफचं टेस्टिंग कुठवर आलं?"

घड्याळ लावून म्हणून बघा, दहा सेकंदांच्या आसपास होतं. यातला नमस्कार हा प्रश्न नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे "काय, बरे आसात मा?" म्हणायची सवय असणार. त्याच्याइतकं गोड दुसरं काही नाही, पण तो प्रश्न आहे, आणि प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. एकट्याला विचारलंत तर दोन सेकंदांत "बरा आसय" येतं. आठ जणांना मिळून विचारलंत तर आधी कोणीच बोलत नाही आणि मग तिघं एकदम बोलतात. व्हिडिओ कॉलवर आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे समोरच्याने बोलायला सुरुवात केली हे वेळेवर कळतच नाही. मग "हां, तू बोल", "नाही नाही, तू बोल". हा घोळ ऐकू आला की समजा, प्रश्न सगळ्यांना मिळून विचारला गेलाय.

दुसरं म्हणजे नमस्कार आणि पहिलं नाव यांच्यामध्ये श्वास घ्यायला थांबू नका. "नमस्कार मंडळी" म्हणून तुम्ही स्क्रीन शेअर करायचं बटण शोधत बसलात, तर त्या वीस सेकंदांत कालची मॅच आलीच म्हणून समजा. बोर्ड पावणेदहाच्या आधी उघडून, शेअर करून ठेवलेला असावा. आणि नुसतं "सायली, बोल" नको. कार्डाचं नाव घ्या. नुसत्या नावाने माणूस "हां, तर काल मी सकाळी..." इथून सुरू करतो. कार्ड सांगितलं की थेट कामावर येतो. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये उरलेले नाहीत, तेव्हा प्रत्येकाकडून ते वदवून घ्यायची सक्ती कोणाचीच नाही. उजवीकडून घेण्याचं कारण साधं आहे: जे काम संपत आलंय ते आधी मार्गी लागतं.

"आवाज येतोय का?" यालाही हाच न्याय. ते 9:43 ला, एकालाच विचारायचं: "देवगड, आवाज येतोय?" ऑफिसातले पाच जण एका माइकवर असणार, म्हणून माइकपासून सगळ्यात लांब बसणाऱ्याने हे विचारावं. त्याचा आवाज देवगडला नीट पोचला तर बाकीच्यांचाही पोचेल.

उशिरा येणाऱ्यासाठी नियम एकच ठेवा: म्यूटवर यायचं, चॅटमध्ये "आलो" किंवा "आले" लिहायचं, आपलं कार्ड शेवटी सांगायचं. चालवणाऱ्याने त्याच्यासाठी थांबायचं नाही आणि झालेलं पुन्हा सांगायचं नाही. पुन्हा सांगायला लागलात की वेळेवर येणारेही चार दिवसांत सैलावतात. अडचण येते ती साहेब उशिरा आले तर. सगळे बोलता बोलता थांबून "नमस्कार सर" म्हणतात, त्यात बोलणाऱ्याचा धागा तुटतो. हे टीमला सांगून सुटत नाही. साहेबांनाच आधी एकट्यात विनंती करा, की "तुम्ही आलात तरी आम्ही थांबणार नाही, राग मानू नका, हे तुम्हीच एकदा सगळ्यांना सांगाल का?" त्यांच्या तोंडून आलं की लगेच लागू पडतं.

आता पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर घरून जोडलेल्या तिघांपैकी कोणाची तरी लाइट जाणारच. तो दिसत नाही म्हणून मीटिंगमध्ये "अरे, वेंगुर्ल्यात लाइट आहे का?" यावर चर्चा होऊ देऊ नका. लाइट गेलेल्याने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ओळी टाकाव्यात: कोणतं कार्ड, कुठे अडलंय. चालवणारा त्याच्या पाळीला त्या वाचून दाखवेल. जोराच्या पावसाच्या दिवशी खुशालीही साडेनऊला ग्रुपवरच विचारा; तिथे आठ उत्तरं एकाच वेळी आली तरी कोणाचा खोळंबा होत नाही. मात्र कोणाच्या घरात पाणी शिरलं असेल तर त्याला स्टँड-अपमधून सरळ मोकळं करा. त्याची कामं कोणाकडे द्यायची एवढंच ठरवा.

तुसडेपणाची भीती रास्त आहे. पहिले तीन-चार दिवस टीमला हे कोरडं वाटेलच, आणि न सांगता सुरू केलंत तर कोणीतरी "आज मूड नाही वाटतं" म्हणेल. म्हणून आदल्या दिवशी सांगून टाका, की गप्पा बंद नाहीत, त्यांची जागा बदललीय. आठ जणांचं कामाचं बोलणं बारा मिनिटांत आटोपतं. 9:57 ला "झालं, ज्यांना काम आहे ते निघा" म्हणा आणि कॉल दहापर्यंत चालू ठेवा. थांबायचं त्याने थांबावं, पण चालवणाऱ्याने रोज थांबावंच, नाहीतर ती तीन मिनिटं नावापुरती उरतात.

गणपतीनंतरचा पहिला दिवस या नियमात बसत नाही. कोणाकडे दीड दिवसाचा, कोणाकडे पाच, कोणाकडे अकरा; सगळ्यांना सांगायचं असतं आणि ऐकायचंही असतं. त्या दिवशी साडेनऊलाच कॉल उघडा, पंधरा मिनिटं आरती, मोदक, भजनं, काय ते होऊ दे. पावणेदहा वाजले की तेच नेहमीचं वाक्य, तेवढ्याच दमात, पहिल्या कार्डासकट.