८८ टक्के जुळतंय, तरी कॅपा ०.५१ कसा?

प्रश्न: पुरावरच्या १६० बातम्यांचं गुणात्मक आशय विश्लेषण करतेय. चाचणीसाठी २० बातम्यांतले १०० परिच्छेद मी आणि मैत्रिणीने वेगवेगळे कोड केले. वर्ग एकच: ‘प्रशासनाला दोष दिला आहे का’. दोघींचं ‘हो’ ८, दोघींचं ‘नाही’ ८०, फक्त माझं ‘हो’ २, फक्त तिचं १०. म्हणजे ८८ टक्के जुळलं, पण दोघींची जुळणी मोजणारा कॅपा हा आकडा ०.५१. मार्गदर्शक म्हणतात चालणार नाही. वाद झालेलं एक वाक्य: “नालेसफाई वेळेत न झाल्याने पाणी घरांत शिरल्याचा आरोप रहिवाशांनी केला.” कुठे चुकलं?

उत्तर:

आकडेमोडीत काही चुकलेलं नाही. चूक वर्गाच्या व्याख्येत आहे, आणि ती तुम्ही दिलेल्या त्या एका वाक्यात पूर्ण दिसते. पण आधी आकडा उलगडू, कारण दुरुस्तीची दिशा तोच दाखवतो.

(मराठीत ‘कप्पा’ लिहिलं की खणाचा कप्पा वाटतो, म्हणून इथे ‘कॅपा’.)

तुमच्या १०० परिच्छेदांपैकी ८० मध्ये कुणालाच दोष दिसला नाही. ते बहुधा पाऊस किती पडला, कुठली वाहतूक बंद झाली, शाळांना सुट्टी अशा मजकुराचे असणार. तिथे एकमत व्हायला डोकं लावावं लागत नाही, आणि तुमची टक्केवारी त्यांनीच फुगवली आहे. कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा नेमका हा फुगवटा काढतो. तो विचारतो: दोघींनी मजकूर न वाचताच, फक्त आपापल्या ‘हो–नाही’च्या प्रमाणात उत्तरं वाटली असती तर योगायोगाने किती जुळलं असतं? तुमचे ‘हो’ १०, तिचे १८. Po म्हणजे प्रत्यक्ष जुळणी, Pe म्हणजे योगायोगाची अपेक्षित जुळणी आणि κ म्हणजे कॅपा. म्हणून

```
Po = (8 + 80) / 100 = 0.88
Pe = (0.10 × 0.18) + (0.90 × 0.82) = 0.756
κ  = (Po − Pe) / (1 − Pe) = 0.124 / 0.244 = 0.51
```

योगायोगानेच पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर जुळलं असतं. उरलेल्या साधारण २४ टक्क्यांत तुमचं खरं कौशल्य दिसायला हवं होतं, आणि त्यातलं निम्मंच हाती लागलं. ०.५१ चा अर्थ एवढाच.

आता जास्त महत्त्वाचं. न जुळलेले १२ परिच्छेद सहा–सहा वाटले गेलेले नाहीत. १० विरुद्ध २ असे आहेत. चुका घाईमुळे किंवा कंटाळ्यामुळे झाल्या असत्या तर त्या साधारण दोन्ही बाजूंना पडल्या असत्या. एकीकडे झुकलेला मतभेद सांगतो की तुमच्या मैत्रिणीने मनात दुसरीच, तुमच्यापेक्षा सैल व्याख्या धरली आहे, आणि तीच सातत्याने वापरते आहे. एका कोडरला १० आणि दुसऱ्याला १८ ‘हो’ दिसत असतील, तर बाकी सगळं अगदी जुळूनही कॅपा ०.६७ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून ‘पुन्हा नीट लक्ष देऊन कोड करा’ या सल्ल्याचा इथे उपयोग नाही. बदलायची आहे ती कोडिंगची चौकट, म्हणजे वर्ग आणि त्यांच्या व्याख्या.

वाक्याकडे या. “नालेसफाई वेळेत न झाल्याने…” सफाई कुणी करायची होती? वाक्यात कर्ताच नाही. वाचक मनात ‘प्रशासन’ भरतो, पण बातमीदाराने तो शब्द लिहिलेला नाही. पुढे “…आरोप रहिवाशांनी केला.” म्हणजे दोष द्यायचं काम वृत्तपत्राने स्वतःकडे घेतलेलंच नाही, ते रहिवाशांच्या तोंडी घातलं आहे. तुम्ही ‘नाही’ का दिलंत, याची दोन वेगळी कारणं संभवतात: कर्ता नाही म्हणून, किंवा वृत्तपत्र स्वतः बोलत नाही म्हणून. मैत्रिणीने ‘हो’ दिलं कारण सगळ्यांनाच कळतं की नाले कोण साफ करतं. दोघींचं वाचन बरोबर आहे. तुमचा वर्ग मात्र एका प्रश्नात तीन प्रश्न विचारतो आहे: दोष कुणावर, तो उघड आहे की सूचित, आणि तो देतंय कोण.

कोडिंग चौकटीचा मूळ नियम असा की एका परिमाणात एकाच गोष्टीची चौकशी व्हावी आणि त्याखालचे उपवर्ग एकमेकांना छेद देणारे नसावेत. तुमचा वर्ग फोडून मी तीन परिमाणं करेन. पहिलं, ‘दोष कुणावर’: प्रशासन, नागरिक, निसर्ग, इतर, दोष नाही. एका परिच्छेदात दोघांवर दोष आला तर काय, हे आधीच ठरवा. एकतर ‘प्रमुख दोष’ एवढाच कोड करा, किंवा प्रत्येक दोषपात्रासाठी वेगळा ‘हो–नाही’ स्तंभ ठेवा. तुमचा प्रश्न प्रशासनापुरता असेल तर दुसरा मार्ग सोपा. दुसरं परिमाण ‘कसा’: उघड की सूचित. तिसरं ‘कोण बोलतंय’: बातमीदार, रहिवासी, राजकीय पक्ष, अधिकारी, तज्ज्ञ. दुसरं आणि तिसरं परिमाण फक्त दोष असलेल्या परिच्छेदांनाच लावायचं.

आता तुमचं वाक्य वाद न होता बसतं: प्रशासन, सूचित, रहिवासी. आणि विश्लेषणातही फायदा होतो. प्रशासनावरचा दोष बातमीदाराच्या तोंडून क्वचित आणि इतरांच्या तोंडून वारंवार येत असेल, तर तो स्वतःच एक निष्कर्ष आहे. जुन्या वर्गात तो गाडला गेला असता.

प्रत्येक उपवर्गाची व्याख्या मात्र पूर्ण लिहा. नाव आणि एक ओळ पुरत नाही. ‘प्रशासनावर दोष – सूचित’ची व्याख्या साधारण अशी व्हावी:

“पुराचं कारण किंवा नुकसान अशा कामाशी जोडलेलं आहे जे कायद्याने वा प्रथेने शासकीय यंत्रणेचं असतं, पण यंत्रणेचं नाव त्या परिच्छेदात नाही. उदाहरण: नालेसफाई वेळेत न झाल्याने. यात धरू नका: केवळ परिस्थितीचं वर्णन, उदा. ‘नाले तुंबले होते’. निर्णयाचा नियम: काम ‘झालं नाही’, ‘उशिरा झालं’ किंवा ‘निकृष्ट झालं’ असं म्हटलं असेल तरच सूचित दोष.”

‘यात धरू नका’ ही ओळ लोक गाळतात, आणि भांडणं बरोबर तिथेच होतात. ‘नाले तुंबले होते’ आणि ‘नाले साफ झाले नव्हते’ यांतला फरक एका क्रियापदाचा आहे. तो लिहून ठेवला नाही तर दोन महिन्यांनी तुमचा स्वतःचाच निर्णय बदलेल.

इथे एक धोकाही आहे. जुळणी वाढवायची म्हणून ‘प्रशासन हा शब्द असेल तरच हो’ असा नियम केलात तर कॅपा झकास येईल, पण मराठी बातमीत दोष अनेकदा कर्ता गाळूनच दिला जातो, आणि तोच हातातून निसटेल. आकड्यासाठी अर्थाचा बळी देऊ नका. सूचित दोषाची जुळणी उघड दोषापेक्षा थोडी कमी राहणारच. ती वेगळी नोंदवली तर कुणी हरकत घेत नाही.

परिच्छेद हे एकक तुम्ही आधीच ठरवलंत हे उत्तम. कोडरने स्वतःच तुकडे पाडले असते तर कॅपा लावायला समान एककंच उरली नसती. फक्त संदर्भ किती वाचायचा हेही लिहा. मथळा आणि संपूर्ण बातमी वाचूनच परिच्छेद कोड करायचा, पण मथळ्यातला दोष खालच्या परिच्छेदाच्या खात्यात टाकायचा नाही. मथळा हे स्वतंत्र एकक. हा नियम दोघींचा वेगळा असेल तर तुमच्या १२ पैकी काही मतभेद तिथूनही आलेले असतील.

बसून चर्चा करताना १२ ही परिच्छेद एकेक घ्या. आधी दोघींनी आपलं कारण स्वतंत्र लिहायचं आणि मगच बोलायचं. नाहीतर ज्याचा प्रबंध त्याचं मत चालतं. प्रत्येक निर्णयाचा शेवट चौकटीतल्या एका बदललेल्या ओळीत झाला पाहिजे. ‘हे हो धरू’ असं तोंडी ठरलेलं काही कामाचं नाही.

नंतर नवे १०० परिच्छेद घ्या, न वाचलेल्या बातम्यांतले. तेच जुने पुन्हा कोड केले तर चर्चा किती लक्षात राहिली हे मोजाल, चौकट किती स्पष्ट झाली हे नाही. निवडताना ‘हो’ पुरेसे येतील असं पाहा: अग्रलेख, वाचकांची पत्रं, नुकसानीच्या बातम्या, सगळं थोडं थोडं. ‘हो’ पाचच असतील तर एकदोन मतभेदांनी कॅपा कोसळतो. समजा या फेरीत दोघींचं ‘हो’ १४, दोघींचं ‘नाही’ ८१, फक्त तुमचं २ आणि फक्त तिचं ३ आलं. जुळणी ९५ टक्के, योगायोगाची अपेक्षा ७२, कॅपा ०.८२. टक्केवारी सातनेच वाढली. कॅपा मात्र कुठच्या कुठे गेला, आणि मतभेदाचा कलही मोडला. दोन–तीन असं विखुरलेलं चुकणं सुसह्य असतं.

हाताने करायचं नसेल तर ‘a’ आणि ‘b’ अशा दोन स्तंभांची, प्रत्येक कोडरचा एक, coding.csv फाइल करून:

```python
import pandas as pd
from sklearn.metrics import cohen_kappa_score
d = pd.read_csv("coding.csv")
print(pd.crosstab(d["a"], d["b"]))
print(cohen_kappa_score(d["a"], d["b"]))
```

कॅपाच्या आधी तो क्रॉसटॅब, म्हणजे दोघींच्या उत्तरांचा तक्ता, बघायची सवय ठेवा. कॅपा प्रत्येक परिमाणाचा वेगळा काढा. सगळ्यांची सरासरी काढली की सर्वात कमकुवत वर्ग लपतो. काही परिच्छेद एकीनेच कोड केले असतील किंवा तिसरी कोडर आली तर क्रिपेनडॉर्फचा अल्फा हा जुळणीचाच दुसरा आकडा वापरा, तो रिकाम्या जागा चालवून घेतो.

किती पुरे? लँडिस आणि कॉख यांनी १९७७ मध्ये ०.६१ ते ०.८० ला ‘भरीव’ जुळणी म्हटलं, पण या सीमा मनमानी असल्याचं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. क्रिपेनडॉर्फ अल्फासाठी ०.८०० मागतात आणि ०.६६७ पर्यंत फक्त तात्पुरते निष्कर्ष मान्य करतात. मार्गदर्शकांना बहुधा ०.७ च्या वरचं काही चालेल, तरी फेरी सुरू करण्यापूर्वीच विचारून घ्या.

दुसऱ्या फेरीनंतर चौकट गोठवा आणि उरलेल्या बातम्या कोड करा. मध्येच एखादी व्याख्या बदलावी लागली तर त्याआधीचं सगळं त्या परिमाणापुरतं पुन्हा कोड करावं लागेल, चाचणीच्या २० बातम्याही त्यातच आल्या. प्रबंधात दोन्ही फेऱ्यांचे आकडे द्या, ०.५१ सुद्धा, आणि परिशिष्टात जुनी व नवी व्याख्या शेजारी ठेवा. तो पहिला आकडा लपवलात तर तीन परिमाणं का झाली हे परीक्षकाला समजावणं अवघड जाईल.