करार रद्दबातल, पण गोदाम वापरात : केलेल्या कामाचे पैसे कसे मागावेत?

प्रश्न : एका राज्य सरकारी विभागाच्या आवारात मी गोदाम बांधून दिले. ते पूर्ण होऊन दोन वर्षे चार महिने झाले आणि तेव्हापासून विभाग त्यात माल ठेवत आहे. नंतर साहेबांच्याच तोंडी सांगण्यावरून कुंपणभिंतीचे काम घेतले. ते निम्मे झाल्यावर नव्या अधिकाऱ्यांनी थांबवले. मी ₹१९,५०,०००चे बिल दिले : गोदाम १४,२०,०००, भिंतीचे झालेले काम ३,६०,०००, उरलेल्या भिंतीतला बुडालेला नफा १,१०,००० आणि बसून राहिलेल्या मजुरांचा खर्च ६०,०००. विभाग म्हणतो, राज्यपालांच्या नावे लेखी करार नसल्याने काही देणे लागत नाही, उलट सुरुवातीला दिलेले २,००,००० परत करा. माझे पैसे बुडाले का?

उत्तर : बुडालेले नाहीत, मात्र सगळेच मिळतील असेही नाही. विभागाचे पहिले म्हणणे खरे आहे, हे आधी मान्य करावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९(१) नुसार राज्याचा करार राज्यपालांच्या नावे व्यक्त झालेला असावा लागतो आणि त्यावर अधिकृत व्यक्तीने त्यांच्या वतीने सही केलेली असावी लागते. ही अट पाळली नसेल तर करार रद्दबातल ठरतो आणि अधिकाऱ्याचा तोंडी आदेश कितीही स्पष्ट असला तरी त्याच्या बळावर ठरलेली किंमत न्यायालयात मागता येत नाही. आपले बिल अशा कराराचे बिल म्हणून मांडल्यास दावा पहिल्याच पायरीवर अडखळेल.

आपला आधार भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७० हा आहे. एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीररीत्या काही केले किंवा त्याला काही दिले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ उपभोगला, तर त्या दुसऱ्याने भरपाई द्यावी किंवा वस्तू परत करावी, असे हे कलम सांगते. क्वांटम मेरुइट, म्हणजे केलेल्या कामाच्या योग्यतेइतका मोबदला, या जुन्या तत्त्वाशी त्याचे जवळचे नाते आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या खटल्यात नेमकी हीच स्थिती तपासली. ठेकेदाराने सरकारी विभागासाठी गोदामे आणि इतर बांधकामे केली होती, करार त्या वेळच्या शासन अधिनियमाच्या विहित पद्धतीने झालेला नव्हता, पण विभागाने बांधकामे स्वीकारून वापरली होती. करार रद्दबातल असूनही कलम ७० खाली मोबदला देय ठरला. कारण तो मोबदला कराराच्या अंमलबजावणीतून येत नव्हता, लाभ स्वीकारल्यातून येत होता.

या निर्णयातला ‘स्वीकार’ हा शब्द आपल्या प्रकरणात निर्णायक आहे. विभागाला नकार देण्याची किंवा बांधकाम काढून नेण्यास सांगण्याची मोकळीक होती, तरी त्याने ते ठेवून घेतले, हे दिसावे लागते. गोदामाबाबत हे सहज सिद्ध होईल : माल आल्या-गेल्याच्या नोंदवह्या, वीजजोडणी, तेथे नेमलेला पहारेकरी, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी. भिंतीचे मात्र तसे नाही. नव्या अधिकाऱ्यांनी काम थांबवले यावरूनच ती नको असल्याचा अर्थ निघू शकतो. पाया आणि उभा भाग जागेवर ठेवून विभागाने त्यावर पुढचे काम केले, किंवा त्याच्या आधाराने आवार बंदिस्त केले, तर तेवढ्या भागाचे मूल्य मागता येईल. आपल्याला तो भाग काढून नेण्यास लेखी कळवले गेले असेल, तर ही बाजू बरीच कमकुवत होते. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे : काम आपण होऊन सोडलेले नाही, थांबवले गेले आहे. १८९८ च्या सम्प्टर विरुद्ध हेजेस या इंग्रजी खटल्यातील बांधकाम करणाऱ्याने एकरकमी ठेका अर्धवट टाकला होता. त्याला झालेल्या कामाचे मूल्य मिळाले नाही, मालकाने वापरलेल्या सुट्या साहित्याचे तेवढे मिळाले.

आता आकड्यांकडे येऊ. बुडालेला नफा आणि बसून राहिलेले मजूर या दोन रकमा दाव्यातून काढाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या करारभंगाच्या नुकसानभरपाईच्या बाबी आहेत. त्यासाठी वैध करार लागतो, आणि त्यातून विभागाला कोणताही लाभ पोचलेला नाही. गोदामाचे १४,२०,००० हेही आपल्या मनातल्या दराने लावलेले असतील, तर तसेच मिळणार नाहीत. काम झाले त्या वर्षीच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे तटस्थ अभियंत्याकडून मूल्यांकन करून घ्यावे. त्या दरांत ठेकेदाराचा नेहमीचा नफा धरलेला असतो. उदाहरणादाखल, गोदामाचे मूल्य १२,५०,००० आणि ठेवून घेतलेल्या भिंतीचे २,४०,००० निघाले, तर एकूण १४,९०,००० होतील. त्यातून हातात आलेले २,००,००० वजा करून मागणी १२,९०,००० राहील.

याच वजाबाकीत विभागाच्या दुसऱ्या मागणीचे उत्तर आहे. करार रद्दबातल असल्याचे कळले की त्याखाली मिळालेला लाभ परत करावा, हे करार अधिनियमाचे कलम ६५ दोन्ही बाजूंना सारखेच लागू पडते. स्वतः लाभ ठेवून फक्त समोरच्याकडून आगाऊ रक्कम परत मागणे त्यात बसत नाही. आपण ती रक्कम लपवू नये, पहिल्या नोटिशीतच जमा दाखवावी.

सर्वांत अवघड मुद्दा मुदतीचा आहे. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १८ नुसार, मोबदल्याची वेळ ठरलेली नसताना सांगण्यावरून केलेल्या कामाच्या किमतीसाठी काम झाल्यापासून तीन वर्षे मिळतात. म्हणजे गोदामासाठी आठ महिने उरले आहेत, आणि सावधगिरी म्हणून हीच मुदत धरून चालावे. विनंतीपत्रे लिहीत बसल्याने ती वाढत नाही. मुदतीच्या आत देणे लागत असल्याची सही केलेली लेखी कबुली मिळाली, तरच ती नव्याने सुरू होते. ‘विचाराधीन आहे’ असे उत्तर म्हणजे कबुली नव्हे. त्या उत्तरांच्या फायली सांभाळत मुदत घालवलेले पक्षकार मी पाहिले आहेत.

सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, पण त्या भरवशावर शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये. व्याजाची मागणीही त्याच नोटिशीत स्पष्ट लिहावी, कारण लेखी करार नसताना व्याज अधिनियम, १९७८ खाली अशा मागणीच्या लेखी नोटिशीला महत्त्व येते. दाव्यात तोंडी आदेश ही हकीकत म्हणून सांगावी आणि मागणी कलम ७० वर स्वतंत्र परिच्छेदात बांधावी : काम कोणते, फुकट का नव्हते, कोणी कधीपासून वापरले, मूल्य किती.

दावा दाखल होण्याआधीच भिंतीचे मोजमाप करून घ्यावे. विभागाला तारीख कळवून हजर राहण्यास सांगावे, अभियंत्याकडून लांबी, उंची व पायाची खोली नोंदवावी आणि छायाचित्रे काढावीत. दुसऱ्या ठेकेदाराने त्यावर काम सुरू केल्यावर आपला भाग कोठे संपतो हे दाखवणे जवळपास अशक्य होते. दावा दाखल झाल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली स्थानिक पाहणीसाठी न्यायालयीन आयुक्त नेमण्याचा अर्ज लगेच द्यावा. आपला विभाग खरोखर शासनाचा आहे की एखादे महामंडळ वा जिल्हा परिषद आहे, हे कागदांवरून तपासावे. अनुच्छेद २९९ फक्त शासनाच्या करारांना लागू होतो. इतर संस्थांच्या करारांची वैधता आणि दाव्यापूर्वीची नोटीस त्यांच्या-त्यांच्या कायद्यांनी ठरते, आणि तसे असल्यास नोटिशीचा मसुदा बदलावा लागेल.